‘व्हेज’ला चिनी भाषेत काय म्हणायचे?

आपल्याकडे हॉटेलात ‘व्हेज’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. मांस नाही, मासळी नाही, अंडे नाही. दूध, तूप, कांदा, लसूण चालते. ज्याला कांदा-लसूण नको असतो तो ‘जैन’ म्हणतो आणि बावर्ची समजून घेतो. चिनी भाषेत मेनू करायला बसेपर्यंत आम्हांलाही वाटत होते, की ‘व्हेज’ या शब्दाला एक चिनी शब्द सापडला की निम्मे काम झाले.

आमचे खानपानगृह औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात आहे. अजिंठा आणि वेरूळ पाहायला येणाऱ्यांत बौद्ध देशांतले यात्रेकरू बरेच असतात. त्यांत चिनी बोलणारेही असतात: कुणी चीनमधून, कुणी तैवानमधून, कुणी सिंगापूर-मलेशियातून. चिनी यात्रेकरूंचे इकडे येणे काही नवे नाही. ह्युएनत्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेला आणि त्याने इथल्या राजाबद्दल व लोकांबद्दल लिहून ठेवले. फरक इतकाच, की आजचा यात्रेकरू आमच्या टेबलाशी बसतो, इंग्रजी मेनू उलटसुलट पाहतो आणि शेवटी शेजारच्या ताटाकडे बोट दाखवतो. त्या ताटात काय आहे हे त्याला आम्ही सांगू शकत नव्हतो.

एक चिनी जाणणारे मराठी गाइड आमच्याकडे नेहमी पाहुणे आणतात. ते स्वतः बौद्ध आहेत, आम्हांला चाचा-चाची म्हणतात. त्यांनी सुचवले, “चाची, तुम्ही पदार्थ सांगा, मी चिनीत लिहितो. पण आधी एक करा. प्रत्येक पदार्थात काय काय पडते ते मला सगळे सांगा. नावावरून मी लिहिणार नाही.” त्यांच्या या अटीमागचे कारण पहिल्याच दिवशी कळले.

चिनी भाषेत शाकाहाराला ‘सू’ म्हणतात. पण चीनमध्ये साध्या बोलण्यात ‘सूत्साय’ म्हणजे नुसती भाजी. तिच्यात चवीपुरता खिमा किंवा कोंबडीचे पाणी असले तरी कुणाला विशेष वाटत नाही. उलट बौद्ध व्रत पाळणारा माणूस ‘सू’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात फार कडक गोष्ट असते. त्याला मांस-मासळी तर नकोच, शिवाय ‘वूशिन’, म्हणजे पाच उग्र वासाच्या वनस्पतीही नकोत. त्या पाचांत लसूण येते, कांदा आणि कांद्याची पात येते, त्याच कुळातल्या आणखी दोन भाज्या येतात, आणि पाचवी येते ‘शिंगछू’. ही शिंगछू काय, असे आम्ही विचारले तेव्हा गाइड हसले. “चाची, हा शब्द इथूनच तिकडे गेला. संस्कृतातल्या ‘हिंगु’चे हे चिनी रूप. तुमच्या डब्यातला हिंग!”

इथे आमची सगळी सोय कोलमडली. कांदा-लसूण न खाणारा पाहुणा आला की आमचे उस्ताद त्याला जैन पद्धतीची डाळ देतात. जैन डाळीत कांदा-लसणाची उणीव भरून काढायला नेमका हिंगच घालतात. म्हणजे जी डाळ आम्ही सर्वांत सुरक्षित समजून पुढे केली असती, तीच चिनी भिक्खुणीला चालली नसती. दुसरीकडे जैन बटाटा, गाजर, आले टाळतात; चिनी व्रतात त्यांना काहीच हरकत नाही. दोन्ही व्रते कडक आहेत, पण त्यांच्या रेषा वेगवेगळ्या ठिकाणी ओढलेल्या आहेत. ‘जैन’चे भाषांतर ‘सू’ होत नाही आणि ‘व्हेज’चेही होत नाही.

तैवानने यावर चांगला उपाय केला आहे. तिथे पाकीटबंद शाकाहारी मालावर नुसते ‘शाकाहारी’ लिहून चालत नाही. पाच प्रकारांतला कोणता ते लिहावे लागते: निव्वळ वनस्पतीचे, दुधासह, अंड्यासह, दूध-अंडे दोन्हींसह, आणि पाचवा प्रकार म्हणजे ज्यात कांदा-लसणाच्या जातीची वनस्पती आहे असे. तैवानचा पाहुणा लहानपणापासून हीच भाषा वाचत आलेला असतो. म्हणून आम्ही आमचा हिरवा ठिपका बाजूला ठेवला आणि त्याच्या भाषेत बोलायचे ठरवले.

मग आम्ही उस्तादांना घेऊन बसलो आणि व्हेजच्या पानावरचा एकेक पदार्थ तपासला. डाळ तडक्याचेच पाहा. तूरडाळ, हळद, मीठ इथवर सगळे ठीक. फोडणीत तूप, जिरे, हिंग, लसूण, सुकी मिरची. म्हणजे दूध आले आणि पाचांपैकी दोन उग्र वस्तूही आल्या. तेलात, नुसत्या जिऱ्या-आल्याची फोडणी दिली तर तीच डाळ निव्वळ ‘छुनसू’ होते. पनीरच्या भाज्या, कोफ्ते, मिक्स व्हेज या साऱ्यांना एकच कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही असते. ती सकाळीच पातेलेभर तयार होते, तिच्यातून कांदा काढता येत नाही. म्हणून त्या सगळ्या पदार्थांपुढे ‘कांदा-लसूण आहे’ हेच खरे उत्तर. जिरा राइस तेलात केला तर चालतो. बटाट्याची सुकी जिरा भाजी चालते. चपाती तूप न लावता चालते. नान चालत नाही, कारण आमच्या पिठात दूध पडते.

सर्वांत फसवा निघाला तो पापड. पापड कुणी तपासतच नाही. पण उडदाच्या पापडात बहुतेक वेळा हिंग असतो आणि लोणच्यातही असतो. ताट छुनसू आणि कोपऱ्यात हिंगाचा पापड, असे झाले असते. उस्ताद म्हणाले, “मग त्यांच्या ताटात ठेवायचे काय?” काकडी, लिंबू आणि दही. पण दही फक्त दूध चालणाऱ्यांनाच.

शेवटी व्हेजच्या पानाचे तीन भाग केले. पहिल्यात फक्त सहा पदार्थ, ज्यांत दूध नाही, अंडे नाही, पाच उग्र वस्तू नाहीत. दुसऱ्यात दूध आहे, पण कांदा-लसूण-हिंग नाही. तिसऱ्यात कांदा-लसूण आहे. बहुतेक पदार्थ तिसऱ्या भागात गेले. आमच्या धाकट्या जावेला ते पान पाहून वाईट वाटले, “भाभी, पहिला भाग फारच लहान दिसतो.” पण तो लहान आहे म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवता येतो.

भांड्यांचा प्रश्नही आला. चिनी भाषेत ‘ग्वोबिएनसू’ असा एक शब्द आहे, म्हणजे मांसाबरोबर शिजलेल्या कढईतली नुसती भाजी वेचून खाणारा शाकाहारी. काही जण इतके सैल असतात, काही अजिबात नसतात. कोण कसा आहे हे आम्ही ठरवू शकत नाही. पहिल्या भागासाठी एक कढई, एक पातेले आणि एक झारा वेगळा ठेवला आणि मेनूत तशी एक ओळ लिहिली. ज्या दिवशी गर्दीमुळे हे पाळता येणार नाही, त्या दिवशी पाहुण्याला तसे सांगायचे, हेही ठरले.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. परदेशात गेलेला आपला मुलगा बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरे वाचतो, जिलेटिन कशाचे आहे ते शोधतो. ‘काही होत नाही, खा’ असे म्हणणारा दुकानदार त्याला नको असतो. काय आहे ते नीट सांगणारा हवा असतो. तोच हक्क आमच्या टेबलाशी बसलेल्या भिक्खुणीचा आहे. तिचे व्रत आपले नाही, पण तिने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे ही आपल्याकडची अमानत आहे.

आता मांसाचे पान. इथे हलालचा शब्द सोपा निघाला. चिनीत त्याला ‘छिंगझेन’ म्हणतात, अर्थ साधारण ‘शुद्ध आणि खरे’. चीनमधले हुई मुसलमान आपल्या खाणावळींवर हाच शब्द लिहितात आणि मशिदीलाही ‘छिंगझेनसू’ म्हणतात. शेवटचा हा ‘सू’ शाकाहाराचा नव्हे. त्याचे अक्षर वेगळे, स्वर वेगळा. हुई लोकांच्या लांझोऊकडच्या नूडल्सच्या खाणावळी चीनभर असल्याने बिगरमुसलमान चिनी माणसालाही छिंगझेन म्हणजे डुक्कर नाही, हे ठाऊक असते. हा शब्द आम्ही मेनूच्या अगदी वर घातला.

त्याची गरजही होती, कारण चिनी भाषेत नुसते ‘रोऊ’, म्हणजे मांस, म्हटले की साधारणपणे डुकराचे असेच धरले जाते. दुसऱ्या प्राण्याचे असेल तर त्याचे नाव आधी लावावे लागते. म्हणून ‘मटण करी’चे भाषांतर ‘मांसाची करी’ असे झाले, तर आमच्यासारख्यांच्या हॉटेलात भलताच अर्थ निघेल. मटणाला ‘यांगरोऊ’ म्हणतात, पण त्यात मेंढी आणि शेळी दोन्ही येतात. आमच्याकडे बकऱ्याचेच असते, म्हणून ‘शानयांगरोऊ’ लिहिले.

नान-खलियाला काय म्हणावे यावर संध्याकाळ गेली. हा आमच्या शहराचा पदार्थ. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादेला आणली, त्या लष्कराबरोबर तो आला असे इथे सांगतात. हे सगळे मेनूच्या एका ओळीत मावत नाही. नुसता उच्चार चिनी अक्षरांत लिहिला तर वाचणाऱ्याला अर्थहीन आवाज मिळतात. चिनी पदार्थांची नावे बहुधा काय आहे आणि कसे शिजवले आहे हे सांगणारी असतात. तीच रीत धरून ‘मसाल्यात मंद शिजवलेले बकऱ्याचे मांस, सोबत नांग’ असे लिहिले. ‘नांग’ म्हणजे आपला नानच. हा फारसी शब्द शिनजियांगमार्गे चिनीतही गेला आहे आणि तिथल्या तंदूरच्या रोटीला तेच नाव आहे. तैवानच्या पाहुण्याला तो तितका ओळखीचा नसतो, म्हणून त्यांच्या प्रतीत ‘काओबिंग’, म्हणजे भाजलेली रोटी, असे लिहिले. बिर्याणीला ‘इंदू शियांगफान’, हिंदुस्तानी सुगंधी भात, हे नाव रूढ आहे. ते तसेच घेतले.

‘त्यांच्या प्रतीत’ म्हटले, कारण मेनू दोन करावे लागले. चीन आणि सिंगापूरमध्ये सोपी केलेली अक्षरे चालतात, तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनी. संगणकावर एका बटणाने एकीची दुसरी करता येते, पण सोप्या लिपीत जिथे एकच अक्षर आहे तिथे जुन्या लिपीत दोन-तीन असतात. सुक्या पदार्थाचे ‘सुके’ हे अक्षर चुकीचे बदलले गेले, तर तैवानमध्ये ती चक्क शिवी होते. नूडल्सचे अक्षर न बदलता तसेच राहिले, तर त्याचा अर्थ ‘चेहरा’ होतो. म्हणून बटण दाबल्यावर प्रत्येक ओळ माणसाने वाचलीच पाहिजे.

शब्दही बदलतात. चीनमध्ये ‘तूदोऊ’ म्हणजे बटाटा. तैवानमध्ये त्याच शब्दाने शेंगदाणा समजतात. आमच्या खलियात शेंगदाण्याचे वाटण असते आणि शेंगदाणा सोसत नसलेला माणूस याबाबतीत जिवावर उदार होऊ शकत नाही. बटाट्याला ‘मालिंगशू’ आणि शेंगदाण्याला ‘ह्वाशेंग’ हे दोन्हीकडे समजणारे शब्द आहेत, तेच घेतले. ‘नाययोऊ’ हा शब्द तैवानमध्ये लोण्यासाठी वापरतात, तर चीनमध्ये सायीच्या क्रीमसाठी. पनीरला ‘नायदोऊफू’, दुधाचा टोफू, म्हणतात. त्यातला ‘दुधाचा’ हा शब्द गाळला, तर दूध न खाणारा माणूस सोयाबीनचा टोफू समजून बेलाशक मागवेल.

तिखटाचे मोजमाप उस्तादांना सर्वांत सोपे वाटले होते आणि तिथेच ते सर्वांत जास्त वादले. चिनीत ‘बूला’ म्हणजे तिखट नाही, ‘वेईला’ किंचित, ‘झोंगला’ मध्यम, ‘दाला’ जबर. आपल्याकडे गिऱ्हाईक ‘तिखट नको’ म्हणाले की बावर्ची मिरची कमी करतो. चिनी पाहुण्याचे ‘बूला’ म्हणजे मिरची अजिबात नको. आणि किंचित म्हणजे किती, हेही माणसागणिक बदलते: सिचुआनचा माणूस ज्याला किंचित म्हणेल, त्याने दक्षिणेकडल्या ग्वांगडोंगच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येते.

उस्ताद म्हणत होते, की चारही चौकोन प्रत्येक पदार्थापुढे ठेवा, पाहुणा निवडेल. पण खलियाच्या मसाल्यात मिरची आधीच वाटलेली असते. तो बूला करणे कुणालाच शक्य नाही. मग त्यापुढे बूलाचा चौकोन ठेवायचा कशाला? आम्ही उलट केले. ज्या पदार्थात फोडणी आयत्या वेळी पडते, तिथे पाहुण्याला निवड दिली. ज्यात मसाला आधीच मुरलेला आहे, तिथे एकच पक्की पायरी छापली. खलिया झोंगला, बिर्याणी वेईला. बूलाच्या रांगेत जिरा राइस, साधी डाळ, चपाती, नान, दही. शिवाय एक ओळ घातली, की मसाल्याचा वास म्हणजे तिखटपणा नव्हे. वेलची, लवंग, दालचिनीचा घमघमाट आला की काही पाहुणे पदार्थ तिखट असणार म्हणून दूर सारतात.

छापण्याआधी गाइडने एक परीक्षा घेतली. तैवानहून आलेल्या एका बाईंपुढे नुसते चिनी पान ठेवले आणि विचारले, “यात काय मिळेल ते तुम्हीच सांगा.” आम्ही काही समजावून द्यायचे नाही, अशी ताकीद होती. त्यांनी नान-खलिया बरोबर सांगितला, यिंगझुईदोऊ म्हणजे छोले बरोबर सांगितले. या शब्दाचा अर्थ ‘गरुडाच्या चोचीचा दाणा’, आणि हरभऱ्याला पाहून तो पटतो. मग त्यांचे बोट व्हेजच्या हिरव्या ठिपक्यावर आले. “हे तिखट नाहीत,” त्या म्हणाल्या, “आणि ज्यांच्यापुढे लाल आहे ते तिखट.” आपल्याकडे मूलही ओळखते तो हिरवा आणि लाल ठिपका त्यांनी मिरचीचा समजला, आणि त्यांच्या जागी तेच साहजिक होते. आम्ही चिनी प्रतीतून दोन्ही ठिपके काढले. शाकाहाराचा प्रकार अक्षरांत लिहिला आणि मिरचीची चित्रे फक्त तिखटासाठी ठेवली.

प्रेसमध्येही एक अडचण येते, ती सांगून ठेवतो. त्यांच्या संगणकात चिनी फॉन्ट नसला तर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी उमटतात, आणि चिनी न येणाऱ्याला काय गळले ते कळत नाही. पीडीएफ करतानाच फॉन्ट तिच्यात बसवून दिला, तर हे टळते. प्रत्येक पदार्थाला क्रमांक दिला आणि तोच क्रमांक मराठी मेनूत ठेवला. पाहुणा बोट ठेवतो, वाढणारा मुलगा क्रमांक वाचतो, दोघांनाही एकमेकांची भाषा यायची गरज नाही.

मेनू छापून आला तरी एक कागद उरला होता, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. तो स्वयंपाकघरात चुलीच्या वर चिकटवला आहे, मराठीत आणि उर्दूत. पहिल्या भागातल्या सहा पदार्थांचे क्रमांक त्यावर आहेत आणि खाली लिहिले आहे: तूप नाही, दूध नाही, कांदा नाही, लसूण नाही, हिंग नाही, पापड-लोणचे देऊ नये, कढई वेगळी. चिनी मेनूतला प्रत्येक शब्द या कागदावर उभा आहे. उस्ताद सुटीवर गेले, नवा बावर्ची आला आणि त्याने सवयीने डाळीत चिमूटभर हिंग टाकला, तर बाहेरची ती सुंदर अक्षरे खोटी ठरतील आणि पाहुण्याला ते कधी कळणारही नाही. म्हणून नव्या माणसाला आम्ही पगार सांगण्याआधी हा कागद वाचून दाखवतो.